खडकांचे वय सांगणारे जीवाश्म

(प्राचीन काळच्या प्राण्यांचे व वनस्पतींचे अवशेष खडकांत सापडतात. त्यांना जीवाश्म म्हणतात. जीवाश्म कसे तयार होतात आणि त्यांवरून खडकाच्या थरांचे वय कसे ओळखतात, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुमच्या घरी वर्तमानपत्रांची रद्दी साठवलेली असेल. रोजचे वर्तमानपत्र वाचून झाले की आपण ते कालच्या वर्तमानपत्रावर ठेवतो. महिन्याच्या शेवटी गठ्ठा पाहिला, तर सर्वांत खाली सर्वांत जुना अंक असतो आणि सर्वांत वर ताजा अंक असतो. गठ्ठा कोणी उलटापालटा केला नसेल, तर हा क्रम चुकत नाही.

समुद्राच्या तळाशी असेच घडते. नद्या आपल्याबरोबर माती व वाळू वाहून आणतात. हा गाळ समुद्रात थरांवर थर साचत जातो. वरच्या थरांच्या वजनाने खालचा गाळ दाबला जातो आणि त्यातले पाणी निघून जाते. पाण्यात विरघळलेला चुना किंवा इतर क्षार गाळाच्या कणांमध्ये बसतात व कण एकमेकांना घट्ट चिकटतात. हळूहळू गाळाचा खडक होतो. अशा खडकाला स्तरित खडक म्हणतात. वालुकाश्म आणि चुनखडक हे स्तरित खडकच आहेत. त्यांतही खालचा थर आधीचा आणि वरचा थर नंतरचा, हा नियम लागू पडतो.

पण एक अडचण आहे. एका गावातल्या टेकडीत तुम्हांला पिवळा चुनखडक दिसला आणि पन्नास किलोमीटर दूरच्या दुसऱ्या गावातही पिवळा चुनखडक दिसला. हे दोन्ही एकाच काळातले आहेत का? केवळ रंगावरून ते सांगता येत नाही. आजही समुद्रात चुन्याचा गाळ साचतो आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीही साचत होता. दोन्हींचे खडक सारखेच दिसू शकतात. वर्तमानपत्राच्या प्रत्येक अंकावर तारीख असते. खडकावर तारीख कोण लिहिणार?

ही तारीख जीवाश्म सांगतात.

जीवाश्म कसा तयार होतो?

ॲमोनाइट नावाच्या एका प्राण्याचे उदाहरण घेऊ. हा प्राणी आता पृथ्वीवर नाही. तो समुद्रात राहत असे. कोकणातल्या मुलांना माकूळ माहीत असेल, तिचा हा दूरचा नातेवाईक. मात्र ॲमोनाइटच्या अंगावर जिलेबीसारखे वेटोळे असलेले कठीण कवच होते. कवचाच्या आत पडदे होते आणि त्या पडद्यांमुळे अनेक लहान कप्पे झाले होते. सर्वांत बाहेरच्या मोठ्या कप्प्यात तो प्राणी राहत असे.

ॲमोनाइट मेला की त्याचे मऊ मांस इतर प्राणी खात किंवा ते कुजून जाई. उरे ते रिकामे कवच. ते खळखळत्या लाटांच्या किनाऱ्यावर पडले, तर आपटून त्याचा चुरा होई. पण शांत पाण्याच्या तळाशी पडले आणि लवकर गाळाखाली गाडले गेले, तर ते टिकून राही. म्हणून जीवाश्म होण्यासाठी मुख्यतः दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे हाड, दात, शिंपला यांसारखा कठीण भाग, आणि दुसरी म्हणजे लवकर गाडले जाणे. मरणाऱ्या असंख्य प्राण्यांपैकी फारच थोड्यांचे जीवाश्म होतात, त्याचे कारण हेच.

पुढे काय होते ते नीट पाहा. कवचाच्या तोंडातून बारीक गाळ आत शिरतो आणि पोकळी भरतो. बाहेरचा गाळही कवचाला चिकटून बसतो. हजारो वर्षांनी आतला आणि बाहेरचा दोन्ही गाळ दगड होतो. मधले कवच काही वेळा तसेच टिकते. पुष्कळदा मात्र खडकातून झिरपणारे पाणी ते विरघळवून नेते. तुम्ही कुल्फीचा साचा पाहिला असेल. साचा काढून टाकला, तरी कुल्फीवर साच्याच्या आतला आकार राहतो. त्याचप्रमाणे कवच नाहीसे झाले, तरी आत गोठलेल्या दगडावर कवचाच्या आतल्या बाजूचा आकार राहतो. बाहेरच्या दगडावर कवचाच्या बाहेरच्या नक्षीचा ठसा उमटतो. कधी कवचाच्या रिकाम्या जागेत खनिजे भरतात आणि कवचाची दगडी प्रतिकृती तयार होते. साचा, ठसा आणि प्रतिकृती या सर्वांना आपण जीवाश्मच म्हणतो.

लाव्हारसाची गोष्ट वेगळी आहे. महाराष्ट्राचा बराचसा भाग ज्या काळ्या पाषाणाचा आहे, तो लाव्हारस थंड होऊन बनला आहे. तप्त लाव्हारसात प्राण्यांचे अवशेष सहसा टिकत नाहीत. म्हणून त्या पाषाणात जीवाश्म शोधणे व्यर्थ असते. पण लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी जुन्या तळ्यांचा गाळ सापडतो. नागपूरजवळच्या अशा गाळाच्या थरांत गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे जीवाश्म मिळाले आहेत.

कालवा खोदताना लागलेला शोध

जीवाश्मांवरून थर ओळखता येतात, हे दाखवून देणाऱ्यांत विल्यम स्मिथ याचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्याचा जन्म १७६९ साली इंग्लंडमधील चर्चिल या खेड्यात झाला. त्याचे वडील लोहार होते. त्या भागात शेतांत भाकरीच्या आकाराचे गोल दगड सापडत. दुधाचा धंदा करणाऱ्या बायका ते लोणी तोलण्यासाठी वजन म्हणून वापरत. ते दगड म्हणजे समुद्रातल्या एका काटेरी प्राण्याचे जीवाश्म होते.

स्मिथ मोठेपणी जमीन मोजणारा झाला. समरसेट परगण्यात कोळशाच्या खाणी होत्या. त्या खाणींतला कोळसा नेण्यासाठी १७९० नंतरच्या दशकात एक कालवा काढण्याचे ठरले आणि स्मिथवर मोजणीचे काम सोपवण्यात आले. कालव्यासाठी जमीन खोदली जात होती, त्यामुळे त्याला मैलोगणती थर उघडे पाहायला मिळाले. हे थर पूर्वेकडे किंचित कललेले होते. भाकऱ्यांची चळत एका बाजूला कलंडली की प्रत्येक भाकरीची कड दिसते, तसे ते एकामागून एक जमिनीवर येत होते.

तेथे बाथ शहराजवळ एक पेच होता. खाली पिवळा चुनखडक, त्यावर मुलतानी मातीचा जाड थर आणि त्यावर पुन्हा पिवळा चुनखडक होता. दोन्ही चुनखडक दिसायला जवळजवळ सारखे होते. पण कालव्याच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक होता. चुनखडकातल्या भेगांतून पाणी झिरपून जाते, पण चिकट माती पाणी अडवते. पाया खणताना पिवळा चुनखडक लागला, तर तो वरचा की खालचा? वरचा असेल, तर त्याखाली पाणी अडवणारी माती मिळेल. खालचा असेल, तर मातीचा थर वरच राहिला. आणखी खोल खणून तो मिळणार नाही.

स्मिथने खडकाचा रंग सोडून त्यातले जीवाश्म पाहायला सुरुवात केली. त्याला असे आढळले की, प्रत्येक थरात काही जीवाश्म असे असतात, जे वरच्या किंवा खालच्या थरात मिळत नाहीत. दोन चुनखडक दिसायला सारखे असले, तरी त्यांतले जीवाश्म सारखे नव्हते. शिवाय जीवाश्मांचा हा क्रम एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे गेले, तरी बदलत नव्हता.

त्याच्या ओळखीचे बेंजामिन रिचर्डसन नावाचे एक पाद्री होते. त्यांनी पुष्कळ जीवाश्म जमवले होते, पण कोणता जीवाश्म कोणत्या थराचा हे त्यांना ठाऊक नव्हते. स्मिथने ते जीवाश्म पाहून थरांच्या क्रमाने मांडून दिले. १७९९ साली त्याने बाथजवळच्या थरांची क्रमवार यादी सांगितली व ती लिहून घेण्यात आली. १८१५ साली त्याने इंग्लंड आणि वेल्सच्या खडकांचा मोठा रंगीत नकाशा प्रसिद्ध केला. तरीही कर्ज न फेडता आल्यामुळे १८१९ साली त्याला तुरुंगात जावे लागले. पुढे १८३१ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने आपले पहिले पदक देऊन त्याचा गौरव केला.

कोळसा का सापडला नाही?

जीवाश्म ओळखता आले नाहीत तर काय होते, याचे एक उदाहरण समरसेटमध्येच घडले. ब्रूअम गावाजवळ काही लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कोळशासाठी खोल खड्डा खणायला घेतला. तेथे गडद रंगाची चिकणमाती होती. कोळशाच्या खाणीतही कोळशाबरोबर गडद रंगाचे थर असतात. म्हणून येथेही खाली कोळसा असेल, अशी त्यांना आशा होती.

स्मिथने खड्ड्यातून निघालेले जीवाश्म ओळखले. विल्टशर परगण्यात केलोवेज नावाच्या ठिकाणी जो दगड मिळतो, त्यात असेच शंखशिंपले व ॲमोनाइट होते. स्मिथच्या यादीत केलोवेजचा दगड बाथच्या पिवळ्या चुनखडकांच्याही वर होता. कोळशाचे थर त्या चुनखडकांच्या कितीतरी खाली होते आणि त्यांत ॲमोनाइट नव्हे, तर नेच्यासारख्या वनस्पतींचे ठसे मिळत. म्हणजे ब्रूअमचे लोक कोळशाच्या थरांपासून फार वर खणत होते. दोन्ही थरांचा रंग सारखा होता, पण काळ वेगळा होता. तेथे कोळसा मिळाला नाही आणि लोकांचा पैसा वाया गेला.

निर्देशक जीवाश्म

जे जीवाश्म थराचा काळ दाखवतात, त्यांना निर्देशक जीवाश्म म्हणतात. कोणताही जीवाश्म हे काम करू शकत नाही. लिंग्युला नावाच्या कवचधारी प्राण्याचेच पाहा. त्याच्या कवचाचा बाहेरचा आकार कोट्यवधी वर्षांत फारसा बदललेला नाही. असे कवच मिळाले, तर खडक जुना की नवा हे कसे सांगणार? ज्या वर्तमानपत्रावर रोज एकच तारीख छापलेली असेल, त्याच्यासारखेच ते झाले.

ॲमोनाइट मात्र या कामासाठी उत्तम आहेत. त्यांच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या. एखादी जात थोडाच काळ जगली, मग ती नाहीशी झाली आणि दुसरी आली. ते पाण्यात तरंगणारे व पोहणारे असल्यामुळे दूरदूरच्या समुद्रांत पसरले. त्यांची संख्याही पुष्कळ होती. कवचावरच्या उभट रेषा आणि पडद्यांच्या नागमोडी कडा पाहून जाणकाराला त्यांच्या जाती ओळखता येतात. थोडा काळ, विस्तृत प्रदेश, मोठी संख्या आणि सहज ओळख, हे चांगल्या निर्देशक जीवाश्माचे चार गुण आहेत.

अल्बर्ट ओपेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८५६ ते १८५८ या काळात ज्युरासिक काळाच्या खडकांचे जीवाश्मांवरून ३३ विभाग पाडले. आता पश्चिम युरोपात ॲमोनाइटांवरून पाडलेले असे सत्तरच्या आसपास विभाग मानतात. ज्युरासिक काळ सुमारे साडेपाच कोटी वर्षांचा होता. भागाकार करून पाहा. एका विभागाच्या वाट्याला सरासरी आठ लाख वर्षे येतात. पृथ्वीच्या इतिहासात ही अगदी बारीक मोजणी आहे.

केलोवेज आणि कच्छ

आता आपल्या देशाकडे वळू. गुजरातमधील कच्छ आज कोरडा प्रदेश आहे, पण ज्युरासिक काळात तेथे समुद्र होता. तेथल्या टेकड्यांत ॲमोनाइट विपुल सापडतात. ओपेलचा विद्यार्थी विल्हेल्म वागेन हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम करत होता. त्याने कच्छच्या ॲमोनाइटांचा अभ्यास केला आणि १८७३ ते १८७५ या काळात तो प्रसिद्ध केला. कच्छमधील चारी गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या थरांत त्याला मॅक्रोसेफॅलाइटिस नावाचे फुगीर, गोलसर ॲमोनाइट मिळाले. युरोपातही ते ठाऊक होते. केलोवेजच्या दगडाचा जो काळ, त्याच काळाच्या सुरुवातीच्या थरांत ते तेथे मिळतात. केलोवेजवरूनच या काळाला कॅलोव्हियन असे नाव पडले आहे. इंग्लंड आणि कच्छ यांच्यामध्ये हजारो किलोमीटरचे अंतर आहे. दोन्हींकडचे खडकही वेगळे दिसतात. तरीही ॲमोनाइटांनी त्यांचा काळ जुळवून दिला.

पण येथे सावध राहावे लागते. पुढच्या संशोधकांनी कच्छचे थर अधिक बारकाईने तपासले. मॅक्रोसेफॅलाइटिस कच्छमध्ये युरोपापेक्षा थोडे आधीच दिसू लागतात, असे त्यांना आढळले. हे कसे कळले? कारण त्या खालच्या थरांत त्यांच्याबरोबर आधीच्या काळाचे दुसरे ॲमोनाइट होते. म्हणजे हे प्राणी इकडच्या समुद्रात आधी राहत होते आणि युरोपात नंतर पोहोचले. म्हणून एकाच जीवाश्मावर विसंबून चालत नाही. त्याची नेमकी जात कोणती आणि त्याच्या सोबतीला दुसरे कोण आहेत, हेही पाहावे लागते.

दुसरी फसवणूक नदी करते. नदी जुना खडक झिजवते. त्यातले जीवाश्म सुटे होऊन नव्या गाळात जाऊन पडतात. समजा, एका जुन्या भिंतीत तुम्हांला दोन नाणी सापडली. एक १९६५ सालचे आहे आणि दुसरे १९९० सालचे आहे. भिंतीचा तो भाग केव्हा बांधला असेल? १९९० पूर्वी नक्कीच नाही. जुने नाणे नव्या भिंतीत जाऊ शकते, पण नवे नाणे जुन्या भिंतीत जाऊ शकत नाही. खडकालाही हाच न्याय लावतात. थरातल्या सर्वांत नव्या जीवाश्माकडे पाहतात. वाहून आलेले जीवाश्म बहुधा घासलेले व तुटलेले असतात. त्यांच्या पोटातला दगड भोवतालच्या दगडापेक्षा वेगळा असतो, त्यावरूनही ते ओळखू येतात.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवा. जीवाश्म थरांचा क्रम सांगतात, वर्षांचा आकडा सांगत नाहीत. आकड्यासाठी वेगळी रीत आहे. काही ठिकाणी गाळाच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचा थर असतो. राखेतल्या काही खनिजांत युरेनियम असते आणि ठरावीक गतीने त्याचे शिसे होत जाते. युरेनियम किती उरले व शिसे किती झाले, हे मोजून राखेचे वय काढतात. मग राखेच्या वर आणि खाली असलेल्या जीवाश्मांचा काळही कळतो. अशा मोजणीवरूनच कॅलोव्हियन काळ सुमारे साडेसोळा कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला, असे आज मानतात. जेथे राख नाही, तेथे तेच ॲमोनाइट मिळाले की हा आकडा तेथेही वापरता येतो.

शब्दार्थ

अवशेष – मागे उरलेला भाग
गाळ – पाण्याबरोबर येऊन तळाशी बसणारी माती व वाळू
स्तरित – थरांचा बनलेला
ठसा – दाबाने उमटलेली आकृती
प्रतिकृती – मूळ वस्तूसारखीच दुसरी वस्तू
चळत – एकावर एक रचलेल्या वस्तू
पेच – सोडवण्यास अवघड अशी अडचण
नेचे – फुले न येणारी एक वनस्पती
विसंबणे – भरवसा ठेवून राहणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) स्तरित खडकांत सर्वांत जुना थर कोठे असतो?
(आ) काळ्या पाषाणात जीवाश्म का सापडत नाहीत?
(इ) कॅलोव्हियन हे नाव कोणत्या ठिकाणावरून पडले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) कवच विरघळून गेले, तरी जीवाश्म कसा उरतो?
(आ) ब्रूअमच्या लोकांचा अंदाज कोठे चुकला?
(इ) लिंग्युला चांगला निर्देशक जीवाश्म का नाही?

३. विचार करून सांगा.
सलमाला एका थरात दोन जातींचे जीवाश्म मिळाले. जुन्या जातीचे जीवाश्म घासलेले व तुटलेले आहेत. नव्या जातीचे जीवाश्म अखंड आहेत. थराचा काळ तिने कोणत्या जीवाश्मावरून ठरवावा? का?

४. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द पाठातून शोधून लिहा.
मऊ, वर, जुना, ओला